कंबर नेमकी कुठे

आमच्या मास्तरीणबाईंनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. हातात झाडूचा दांडा असतो आणि तोंडात "पुन्हा" हा एकच शब्द, म्हणून जिमच्या सकाळी अकराच्या बॅचनं त्यांचं हे नाव पाडलं. जिम रंगाच्या दुकानाखालच्या तळघरात आहे. जिना उतरताना थिनरचा वास येतो आणि खाली पोचल्यावर रबरी मॅटचा. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीशी वजनं. त्या वजनांमधला लांब लोखंडी दांडा गेलं वर्षभर तसाच पडून होता. जुन्या बायका कडेला हलकीफुलकी वजनं घेऊन व्यायाम करायच्या. पण जमिनीवरून वजन उचलणं, ज्याला डेडलिफ्ट म्हणतात, ते मास्तरीणबाई कुणालाही करू देत नव्हत्या.

कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या जावेची पाठ याच मॅटवर गेली. चाळीस किलो होते, चौथ्यांदा उचलत होती. तिनं दांडा सोडला आणि तशीच वाकलेली राहिली. सरळ होताच येईना. मी शेजारीच होते. मास्तरीणबाई धावत आल्या आणि घाबरल्या माणसाला जो राग येतो त्या रागात सगळ्यांसमोर ओरडल्या, "हजार वेळा सांगितलं, कंबरेतून वाक, पाठीतून वाकू नकोस!"

धाकटी रडत म्हणाली, "तेच तर करत होते, ताई."

पडलेलं माणूस काहीतरी म्हणतंच, असं आम्ही धरून चाललो. मीसुद्धा.

दोघी जावा एकाच इमारतीत राहतात, थोरली दुसऱ्या मजल्यावर, धाकटी चौथ्या. त्या दिवसापासून धाकटी अर्ध्या तासाच्या वर खुर्चीत बसू शकत नाही. डॉक्टर म्हणाले की मणक्यातली चकती सरकली आहे, पण ती त्याच दिवशी त्याच वजनानं सरकली असं छातीठोक सांगता येणार नाही. हे ऐकून थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या की एक जण भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधू लागायची.

अशात टेपताई आली.

तिचं हे नाव पहिल्याच दिवशी पडलं, कारण गळ्यात शिवणकामाची मापाची टेप तशीच ठेवून ती जिना उतरली होती. बावीस वर्षं कपडे शिवले. आता डोळे साथ देईनात, काळ्या कापडावर काळा टाका दिसेना. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात जागा निघाली होती. चादरींचे गठ्ठे जमिनीवरून उचलून ढकलगाडीत टाकायचे. घेण्याआधी चाचणी होती: पंधरा किलोचा गठ्ठा, दहा वेळा, तिथल्या मुकादमबाईच्या नजरेसमोर. पाठ धरली किंवा मध्येच थांबली तर नाव खोडणार. चाचणीला पाच आठवडे होते.

"शिवणाऱ्याची पाठ आधीच वाकलेली असते, बाई," ती म्हणाली. "आणखी वाकवायला कशाला शिकवता, सरळ ठेवायला शिकवा."

आम्ही हसलो. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. "पंधरा किलो मी तुला आत्ता उचलायला लावू शकते," त्या म्हणाल्या, "आणि तू उचलशीलही. पण मी लावणार नाही. आधी रिकाम्या हातानं वाकायला शीक."

पहिले तीन आठवडे रिकामे हातच चालले.

धडा असा. झाडूचा दांडा पाठीमागे उभा धरायचा. एक हात मानेमागे, दुसरा खाली पाठीच्या खळग्यात. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याला, दोन खांद्यांच्या पात्यांच्या मधे आणि माकडहाडाला. मग गुडघे किंचित सैल सोडून मागे जायचं, पुढे झुकायचं, आणि तिन्ही ठिकाणं सुटू द्यायची नाहीत. खळग्यातला हात चेंगरला की समजायचं, पाठ गोल झाली.

"कंबर मागे," मास्तरीणबाई सांगायच्या. "कंबर मागे ढकल."

टेपताई जीव तोडून कंबर मागे ढकलायची. तिची पाठ कासवासारखी फुगायची, दांडा डोक्यापासून सुटायचा, खालचा हात चेंगरायचा.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

"अगं, कंबरेतून वाक!"

"कंबरेतूनच वाकतेय हो."

हे वाक्य ऐकलं की मास्तरीणबाईंचा चेहरा पांढरा पडायचा. त्या आरशाकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि घड्याळ बघायच्या. मला वाटायचं, कंटाळल्या. त्या घाबरत होत्या, हे मला उशिरा कळलं.

प्रयत्नांत त्यांनी कसूर केली नाही. उभ्यानं जमेना तर भिंतीपासून वीतभर पुढे उभं केलं. म्हणाल्या, मागे जाऊन भिंतीला टेक. टेपताई गुडघे मोडून खुर्चीत बसल्यासारखी खाली गेली. "ही बैठक झाली. नडगी उभी राहू दे, गुडघा पुढे पळवू नकोस." गुडघ्यांची लुडबुड थांबवायला तिला मॅटवर गुडघ्यांवर उभं केलं आणि टाचांकडे मागे जायला सांगितलं. जरा बरं झालं. पण "कंबर मागे" म्हटलं रे म्हटलं, की कासव हजर.

चौथा आठवडा निम्मा सरला तेव्हा टेपताईचा संयम संपला.

"बाई, दहा दिवस राहिलेत. मी अजून वजनाला बोटही लावलेलं नाही. तिथं मुकादमबाई झाडूचा दांडा उचलायला सांगणार आहे का?"

"पाठ गोल करून उचलशील आणि दुखवून घेशील."

"आणि काम नाही मिळालं तर? घरी बसून पाठ छान सरळ ठेवीन, असं म्हणू का नवऱ्याला?"

बॅचमधली एक हसली आणि लगेच गप्प झाली. टेपताईचे डोळे भरून आले होते. मास्तरीणबाई भिंतीशी गेल्या, वरून कडी असलेला आठ किलोचा लोखंडी गोळा उचलला, तिच्या पायांमधे आणून ठेवला. तिनं हात पुढे केला. मास्तरीणबाईंनी गोळा परत उचलून घेतला.

"नाही. मला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे जा. तुला शिकवणारं कुणीतरी भेटेल."

टेपताईनं पिशवी खांद्याला लावली, जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि परत फिरली. रागानं फिरली.

"मला एक सांगा. कंबर मागे म्हणजे नेमकं काय मागे?"

"कंबर म्हणजे कंबर!" मास्तरीणबाईंनी दोन्ही हात स्वतःच्या कुल्ह्यांवर, मांडी जिथं सुरू होते तिथं मारले. "ही!"

टेपताई बघत राहिली. मग तिनं पिशवीतून टेप काढली, मास्तरीणबाईंच्या पोटाभोवती सर्वांत बारीक जागी, बेंबीच्या किंचित वर गुंडाळली आणि टोकं चिमटीत धरली.

"बाई, कंबर इथं असते. बावीस वर्षं इथंच मोजली. तुम्ही हात मारलात ती सीट. कंबर आणि सीट यांच्यात चांगलं वीतभर अंतर असतं. ते चुकलं की पँट बिघडते."

मी माझ्या स्वतःच्या कंबरेला हात लावून पाहिला. तिथं खरोखर फक्त पाठ आणि पोट होतं. ते मागे ढकललं तर पाठीला पोक येणारच. टेपताईनं तीन आठवडे सांगितलेलंच केलं होतं, अगदी तंतोतंत.

"मग पँट शिवताना," मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माणूस बसतो तेव्हा कापड मोडतं कुठं?"

"जांघेत. खुब्यापाशी. तिथं चुण्या पडतात. कंबरेत कापड मोडायला लागलं तर गिऱ्हाईक पँट तोंडावर फेकेल."

"तिथनंच मोड."

टेपताईनं दोन्ही हातांच्या कडा जांघेच्या रेघेत रोवल्या आणि पँटीला चुणी पाडायची तशी त्या हातांवर घडी घातली. बूड आपोआप मागे गेलं. पाठ लांब, सपाट. नडग्या उभ्या. "मांडीच्या मागनं ओढतंय," ती म्हणाली, "वाईट ओढतंय."

"ओढू दे. तेच ओढायला हवं." मास्तरीणबाईंनी दांडा तिच्या पाठीवर ठेवला. तीन ठिकाणी टेकला. मी जवळ होते, मला दिसलं.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरीणबाई मात्र मॅटवर खाली बसल्या. कुणीतरी पाणी आणलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायल्या नाहीत.

त्यांची हकीकत मला थोडीफार माहीत आहे. कॉलेजात गोळाफेक करायच्या. मग लग्न, मग वीस वर्षं घर. त्यातली चार वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना रोज उचलून बसवणं, न्हाऊ घालणं थोरलीनं एकटीनं केलं आणि तिची पाठ कधी कुरकुरली नाही. अंगालाच ठाऊक होतं कुठून मोडायचं, शब्दाची गरजच पडली नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन हा धंदा शिकल्या. वहीत सगळं मराठीत उतरवून काढलं. त्या दिवशी त्यांनी मला घरी नेऊन ती वही दाखवली. निळ्या शाईत, सुबक अक्षरात, जिथं पुस्तकात खुब्याचा सांधा होता तिथं प्रत्येक वेळी लिहिलं होतं: कंबर. पानामागून पान.

"धाकटीला मी हेच सांगत होते," त्या म्हणाल्या. "आणि ती तेच करत होती. ती म्हणाली पण."

"डॉक्टर म्हणाले ना, नक्की नाही सांगता येत."

"डॉक्टरांचं राहू दे. तिला समजलं का ते न बघता मी वजन वाढवत गेले. तिला उचलता येतंय, एवढंच बघितलं. कसं उचलतेय ते बघितलं नाही, आणि दिसलं तेव्हा तिलाच दोष दिला." त्यांनी वही मिटली. "तू चल माझ्याबरोबर वर. एकटीनं नाही जमायचं मला."

चौथ्या मजल्यावर धाकटीनं दार उघडलं. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असावं, मास्तरीणबाईंना बघून चेहरा कठोर झाला. ती आम्हाला बसवून स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. मास्तरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. टेपचं, सीटचं, वहीचं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तू बरोबर करत होतीस. चूक माझी होती."

आत प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी धाकटी हलली नाही.

"वर्षभर," ती म्हणाली, "मी मनात ते सारखं करून बघते. कुठं चुकले, कुठं चुकले. ह्यांनीसुद्धा विचारलं, तू ऐकलं का नाहीस ताईंचं. माझी आई म्हणाली, तुला घाई असते. मी म्हणायचे, असेल."

"मला माफ—"

"थांबा ताई. तेव्हा सगळ्यांसमोर बोललात. आता इथं, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच सांगताय?"

मास्तरीणबाईंनी मान खाली घातली. मला कुठंतरी निघून जावंसं वाटलं. धाकटीनं आम्हाला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मास्तरीणबाईंनी पंखा बंद केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं, आणि उभ्यानं सांगितलं. सांगताना "कंबर" हा शब्द आला की दरवेळी अडखळत होत्या. एकीनं विचारलं, "म्हणजे इतके दिवस आम्हाला पण चुकीचंच?" त्या म्हणाल्या, "शब्द चुकीचा. काहींना अंगानं कळलं, काहींना नाही. ज्यांना कळलं नाही त्यांना मी ओळखलं नाही." त्या आठवड्यात दोघी यायच्या बंद झाल्या. जिमच्या मालकांनी विचारलं तेव्हा त्यांनी मालकांनाही तेच सांगितलं.

धाकटी त्या दिवशी आली नव्हती. कुणी तिला काय सांगितलं, सांगितलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

टेपताईला नऊ दिवस उरले होते. आता मास्तरीणबाईंनी सांगायची तऱ्हाच बदलली. "दोन्ही हातांत पिशव्या आहेत, मागचं दार बुडानं लाव." टेपताई खो खो हसत दार लावायची, आणि ते पक्कं लागायचं. भिंतीपासून एक पाऊल पुढे, मग आणखी अर्धं. ते दहा वेळा धड झाल्यावर आठ किलोचा गोळा, तोही जमिनीवर नाही, एकावर एक रचलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांवर, म्हणजे फार खाली जायला नको. गोळा दोन घोट्यांच्या मधे. श्वास घे, पोट आवळ, कुणी गुद्दा मारणार आहे असं. मग वर ओढू नकोस, पायांनी जमीन खाली दाब. सरळ उभी राहिलीस की बस, मागे कलू नकोस. तीन दिवसांनी एक ठोकळा काढला. मग बारा किलो. पाठ जरा गोल झाली की वजन खाली आणि पुन्हा दांडा, त्यावर वाद नाही. शेवटचे दोन दिवस जुन्या चादरींचा गठ्ठा बांधला, वजनकाट्यावर पंधरा भरवला. गठ्ठ्याला कडी नसते, म्हणून तो अंगाशी चिकटवून धरायला शिकवलं.

दर खेपेला मास्तरीणबाईंचे हात टेपताईच्या पाठीमागे हवेत धरलेले असायचे, न टेकता. उन्हाळाही नव्हता, पण त्यांचं कपाळ ओलं असायचं.

चाचणी झाली. टेपताई दुपारी तळघरात आली, गळ्यात टेप नव्हती. "दहा," ती म्हणाली. "सातव्याला पाय थरथरले. मी मनात म्हटलं, दार लाव. मुकादमबाई म्हणाली, तू आधी कुठं हमाली केलीस का." आणि मग रडली, कारण सोमवारपासून सकाळची पाळी होती आणि अकराची बॅच सुटणार होती.

मास्तरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रोज पहिला गठ्ठा उचलण्याआधी पाच वेळा रिकाम्या हातानं कर. आणि शंभरावा गठ्ठा पहिल्यासारखा उचलायला कुणालाच जमत नाही, थकलीस तर दोघींनी मिळून उचला." आनंद दाखवला नाही. त्यांना अजून सोमवारची भीती होती, हे मला आता ओळखू येत होतं.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी धाकटी जिना उतरली. एकेक पायरी, कठड्याला धरून. बॅचमधल्या गप्पा थांबल्या. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरांनी चालणं वाढवायला आणि हळूहळू वाकायला सांगितलंय. त्यांची फिजिओ दाखवते, पण आठवड्यातून एकदाच. मला वजन उचलायचं नाहीये. हातातून चमचा पडला तर मुलीला हाक मारावी लागते. तेवढं शिकवा."

"मी?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"इथं दुसरं कोण आहे?"

मास्तरीणबाईंनी खुर्ची आणली, ती उंच वाटेना म्हणून तिच्यावर दोन उशा ठेवल्या. धाकटी काठावर बसली. दोन्ही हातांच्या कडा जांघेच्या रेघेत ठेवायला सांगितल्या. "आता त्या हातांवर थोडंसं, अगदी थोडंसं, पुढे घडी पड. छाती लांब. दुखलं तर लगेच थांब, मला सांग."

"मागच्या वेळी पण सांगितलं होतं मी."

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सांगितलं होतंस."

धाकटी चार बोटं पुढे झुकली आणि थांबली. श्वास घेतला. मास्तरीणबाई तिच्या समोर मॅटवर गुडघे टेकून बसल्या होत्या, डोळे तिच्या चेहऱ्यावर, पाठीवर नाही.

"काय वाटतंय?"

"भीती वाटतेय."

"मलाही," त्या म्हणाल्या. "मागे ये. थोडं बसू."